फोटोवरून ओळख: झेब्रे, रानगाढवे आणि घोडे

उत्तर केनियातील सांबुरू अभयारण्यात काढलेला एक फोटो तुमच्यासमोर आहे असे समजा. नदीकाठी सात-आठ झेब्रे पाणी पीत आहेत आणि फोटोखाली ‘झेब्र्यांचा कळप’ एवढेच लिहिले आहे. प्रत्यक्षात या भागात झेब्र्याच्या दोन जाती राहतात आणि पाणवठ्यावर त्या अनेकदा शेजारी-शेजारी उभ्या असतात. त्यांपैकी मैदानी झेब्रा आफ्रिकेत अजून लाखांच्या संख्येने आहे. दुसरा ग्रेव्ही झेब्रा. १९७० च्या दशकात तो सुमारे १५,००० होता, आज जेमतेम ३,००० च्या आसपास उरला आहे. (हे नाव रश्श्यावरून आलेले नाही. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांच्या नावावरून ते १८८२ मध्ये दिले गेले.)

ही जात मोजण्याचे काम आता बऱ्याच अंशी फोटोंवरच चालते. २०१६ पासून केनियात ‘ग्रेट ग्रेव्हीज रॅली’ नावाची मोजणी होते. सामान्य नागरिक दोन दिवस गाडीतून फिरतात आणि दिसेल त्या ग्रेव्ही झेब्र्याच्या उजव्या बाजूचा फोटो काढतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी दिसलेले किती प्राणी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले, हे फोटो जुळवून कळते आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. अशा मोजणीत मैदानी झेब्र्याचे फोटो ग्रेव्ही म्हणून शिरले, तर तीन हजारांतले काही प्राणी केवळ कागदावर जन्माला येतात.

म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट नीट शिकणार आहोत: फोटोतील प्राणी ओळखताना शरीराच्या कोणत्या भागाकडे, कोणत्या क्रमाने पाहायचे. सुरुवातीलाच एक सूचना. ‘पट्टे आहेत की नाहीत’ हा पहिला प्रश्न ठेवू नका. पट्टे डोळ्यांत भरतात, त्यामुळे ते बाकीचे सगळे झाकून टाकतात. आणि पट्टे नसलेल्या प्राण्यांच्या बाबतीत ही सवय आपल्याला अगदी निराधार करून सोडते.

आधी शेपूट पाहा

झेब्रे, रानगाढवे, पाळीव गाढव आणि घोडा हे सगळे एक्वस या एकाच प्रजातीतले. घोड्याची शाखा या कुटुंबातून सर्वांत आधी वेगळी झाली. गाढवे आणि झेब्रे एकमेकांना त्यामानाने जवळचे आहेत. हे नाते फोटोत सर्वांत स्पष्ट दिसते ते शेपटीत.

घोड्याच्या शेपटीचे लांब केस अगदी मुळापासून सुरू होतात, त्यामुळे शेपूट म्हणजे केसांचा एक झुपकाच वाटतो. गाढवाची आणि झेब्र्याची शेपूट गाईच्या शेपटीसारखी असते. वर आखूड केसांची बारीक दांडी आणि टोकाला गोंडा. प्राणी पाठमोरा असो, बाजूने असो किंवा दूर धुळीत असो, शेपटीचा हा फरक बहुधा टिकून राहतो. रंग, पट्टे आणि कान यांच्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

दुसरी खूण आयाळीची. पाळीव घोड्याची आयाळ मानेवर एका बाजूला पडते आणि तिची झुलपे दोन कानांमधून कपाळावर येतात. गाढवांची आणि झेब्र्यांची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते, कपाळावर झुलपे नसतात. अर्थात घोड्याची आयाळ माणूस कापू शकतो, म्हणून ही खूण शेपटीनंतरची.

या दोन्ही खुणांच्या मध्ये पाय ठेवून उभा असलेला एक प्राणी आहे. मंगोलियातील रानघोडा, ज्याला तेथे ‘ताखी’ आणि इतरत्र प्रझेवाल्स्कीचा घोडा म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो निसर्गातून नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या घोड्यांपासून १९९२ पासून तो पुन्हा मंगोलियात सोडला गेला. त्याची आयाळ गाढवासारखी ताठ आहे, कपाळावर झुलपे नाहीत आणि शेपटीच्या मुळाशी केस आखूड आहेत. पण त्याखाली शेपूट घोड्यासारखी दाट केसांनी भरलेली असते आणि ते केस खूप खालपर्यंत लोंबतात. शिवाय कान आखूड, मान जाड, डोके जड आणि नाकाभोवती फिकट पांढुरका रंग. गोबीच्या वाळवंटात काही ठिकाणी ताखी आणि मंगोलियातील रानगाढव एकाच परिसरात चरतात. तिथल्या फोटोत केवळ आयाळ पाहून निर्णय घेतला, तर रानघोडा हमखास गाढवांत जमा होतो.

कान मोजा, पण डोक्याशी

‘लांब कान’ म्हणजे किती लांब? फोटोत सेंटिमीटर कळत नाहीत, म्हणून कानाची लांबी त्याच प्राण्याच्या डोक्याशी ताडून पाहावी. डोक्याची लांबी म्हणजे दोन कानांच्या मधल्या उंचवट्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर. पडद्यावर पट्टी ठेवली तरी चालते. ढोबळ मानाने, घोड्याचा कान डोक्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका भरतो. पाळीव गाढवाचा कान अर्ध्याच्या जवळ जातो. आशियातील रानगाढवे या दोघांच्या मध्ये असतात. त्यांचे कान घोड्याहून स्पष्टपणे लांब असतात, पण पाळीव गाढवाइतके नाहीत.

हे माप तेव्हाच घ्यावे, जेव्हा डोके बाजूने दिसत असेल आणि कान उभे असतील. चिडलेला किंवा पळणारा प्राणी कान मागे पाडतो. तेव्हा गाढवाचा कानही मानेला चिकटून आखूड दिसतो. कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्राण्याचे डोके फोटोत आखूड होते आणि कान विनाकारण मोठे वाटतात. शिंगराच्या किंवा गाढवाच्या पिल्लाच्या बाबतीत तर हे माप लावूच नये, कारण पिल्लांचे डोके, पाय आणि कान यांचे प्रमाण प्रौढांपेक्षा वेगळे असते.

झेब्र्यांमध्ये कानाची लांबी जितकी उपयोगी, तितकाच त्याचा आकार. ग्रेव्ही झेब्र्याचे कान मोठे, रुंद आणि वर गोल असतात. इतके की दुरून दोन पळ्या उलट्या धरल्यासारख्या वाटाव्यात. मैदानी झेब्र्याचे कान लहान, घोड्याच्या कानांशी मिळतेजुळते. तिसरी जात म्हणजे दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि अंगोलाच्या डोंगराळ भागातला पर्वतीय झेब्रा. त्याचे कान लांब पण टोकाला निमुळते. पाणवठ्यावर फक्त डोकी दिसत असतील, तर ग्रेव्ही वेगळा काढायला कान पुरेसे होतात.

आता पट्टे: किती आहेत ते सोडा, कुठे थांबतात ते पाहा

पट्ट्यांची रुंदी पाहून जात ठरवण्याचा मोह होतो. ग्रेव्हीचे पट्टे बारीक आणि दाट, मैदानीचे रुंद, हे खरे आहे. पण दूरच्या फोटोत रुंद काय आणि बारीक काय, हे ठरवायला शेजारी दुसरी जात उभी असावी लागते. त्यापेक्षा दोन जागा पक्क्या लक्षात ठेवा: पोट आणि पुठ्ठा, म्हणजे मागच्या पायांच्या वरचा मांसल भाग.

ग्रेव्हीचे बारीक उभे पट्टे कुशीवरून खाली येतात आणि पोटाच्या अलीकडेच संपतात. पोट स्वच्छ पांढरे राहते. पुठ्ठ्यावर शेपटीच्या मुळाभोवतीचा थोडा भाग पांढरा सुटतो आणि त्याच्याभोवती पट्टे कमानीसारखे वळतात. पाठीच्या कण्यावरून एक रुंद काळा पट्टा जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी मोकळी किनार असते. प्राणी पाठमोरा असेल तर ही काळी-पांढरी पाठ आणि मोकळे शेपटीचे मूळ पुरेसे आहे.

मैदानी झेब्र्याचे पट्टे कुशीवरून खाली येऊन पोटाखाली वळतात आणि पोटाच्या मध्यरेषेपर्यंत पोचतात. पोट पांढरे राहत नाही. कुशीवरचे उभे पट्टे आणि पुठ्ठ्यावरून पुढे येणारे तिरके रुंद पट्टे पाठीच्या मध्यावर, जिथे खोगीर ठेवतात साधारण तिथेच, एकमेकांना भेटतात आणि फाटे फुटल्यासारखी आकृती तयार होते. नाकाभोवतीचा भाग काळा असतो.

पर्वतीय झेब्र्याचे पोट ग्रेव्हीसारखेच पांढरे. फरक पुठ्ठ्यावर आहे. शेपटीच्या अगदी वर, कण्यावरच्या रेघेला आडवे छेदणारे बारीक पट्टे शिडीच्या पायऱ्यांसारखे ओळीने बसलेले असतात, आणि त्यांच्या खाली मांडीवर एकदम तीन-चार फार रुंद आडवे पट्टे येतात. बारीक शिडी आणि तिच्याखाली जाड पट्टे ही जोडी बाकीच्या दोन जातींत नाही. या जातीत आणखी एक खूण आहे, जी पट्ट्यांची नाही. बैलाच्या गळ्याखाली पोळी लोंबते तशी कातडीची लहानशी घडी गळ्यावर असते. बाजूने काढलेल्या फोटोत ती दिसली की शंका उरत नाही. प्राण्याने मान वर ताणली असेल तर मात्र ती नाहीशी होते, म्हणून घडी दिसत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती पाठ्यपुस्तकातील चित्रांमुळे लपते. ‘मैदानी झेब्र्याचे पोट पट्टेदार’ हा नियम पूर्व आफ्रिकेत नीट चालतो. दक्षिणेकडे जाल तसे मैदानी झेब्र्याचे पट्टे ओसरत जातात. पाय पांढरे होतात, पोटावरचे पट्टे तुटक होतात आणि पुठ्ठ्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये फिकट तपकिरी सावलीपट्टे उमटतात. नामिबियातील एतोशा राष्ट्रीय उद्यानात असे मैदानी झेब्रे आहेत आणि उद्यानाच्या पश्चिम भागात पर्वतीय झेब्रेही आहेत. तिथे फक्त पोट पाहणारा विद्यार्थी चुकू शकतो. अशा वेळी पाय पाहावेत. पर्वतीय झेब्र्याचे पाय खुरांपर्यंत ठसठशीत पट्टेदार असतात आणि त्याच्या अंगावर सावलीपट्टे नसतात. एतोशातील मैदानी झेब्र्याचे पाय फिकट असतात आणि सावलीपट्टे स्पष्ट दिसतात. दोघांना वेगळे करायला एवढे पुरते.

या ओसरण्याचे शेवटचे टोक म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला क्वाग्गा. त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि अंगाच्या पुढच्या भागावर पट्टे होते, मागचा भाग सरळ तपकिरी. शेवटचा ज्ञात क्वाग्गा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जिवंतपणी फोटो निघालेला क्वाग्गा एकच, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली एक मादी. ते फोटो पाहताना कुणालाही ही एक स्वतंत्र जात वाटेल, आणि बराच काळ तसे मानलेही गेले. पुढे संग्रहालयातील कातड्याला चिकटून राहिलेल्या ऊतीतून त्याचा डीएनए काढला गेला. त्याचे पहिले निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यापुढच्या अभ्यासांतून क्वाग्गा हा मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार ठरला. मैदानी झेब्र्याचे शास्त्रीय नाव ‘एक्वस क्वाग्गा’ आहे ते त्यामुळेच. पट्ट्यांवरून जात ओळखता येते, पण पट्ट्यांवरून नाते ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सांबुरूचा फोटो पुन्हा

आता तो पाणवठ्याचा फोटो एकेक करून सोडवू. डावीकडचे तीन प्राणी बाजूने दिसतात. त्यांचे पोट पांढरे आहे, पट्टे कुशीच्या खालच्या बाजूला संपतात, कान मोठे आणि गोल आहेत. हे तिन्ही ग्रेव्ही. त्यांच्या पलीकडचे दोन अंगाने थोडे लहान आणि गुटगुटीत आहेत, पट्टे रुंद आहेत आणि पोटाखाली वळले आहेत. हे मैदानी. सहावा प्राणी पाठमोरा आहे, त्यामुळे पोट दिसत नाही. पण शेपटीच्या मुळाभोवती पांढरी जागा आहे आणि कण्यावरच्या काळ्या पट्ट्याला पांढरी किनार आहे. तोही ग्रेव्ही. सातव्याचे डोके आणि पुढचे पाय पाण्यात, बाकीचे शरीर दुसऱ्याच्या आड. एक कान दिसतो, तो मागे पडलेला. त्याच्याबद्दल काही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. नोंदीत त्याच्यापुढे ‘झेब्रा, जात अनिश्चित’ असेच लिहावे.

आठवे एक पिल्लू आहे. त्याचे पट्टे काळे नसून तांबूस तपकिरी आहेत आणि आयाळ मानेवर न थांबता पाठीवरून थेट शेपटीपर्यंत गेली आहे. नवख्या निरीक्षकाला हा वेगळाच प्रकार वाटेल. ग्रेव्हीची पिल्ले अशीच जन्मतात. पट्टे पुढे काळे होतात आणि पाठीवरची आयाळ निघून जाते. पण केवळ तांबूस पट्ट्यांवरून पिल्लाला ग्रेव्ही ठरवू नका, कारण मैदानी झेब्र्याच्या पिल्लांचे पट्टेही तपकिरी असतात. इथे पाठीवरची आयाळ, कानांचा आकार आणि पांढरे पोट या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून निर्णय घेता आला.

समजा नववा प्राणी असता, ज्याचे कान ग्रेव्हीइतके मोठे नाहीत, मैदानीइतके लहानही नाहीत, पट्टे दोघांच्या मधल्या रुंदीचे आहेत आणि पोटावर थोडेसेच उतरले आहेत, तर? असे प्राणी असतात. सांबुरूच्या दक्षिणेला लायकिपिया भागातील ओल पेजेता येथे ग्रेव्ही नर आणि मैदानी मादी यांची संकरित संतती आढळली आहे. ती प्रजननक्षम आहे आणि आईबरोबर मैदानी झेब्र्यांच्या कळपात वाढते. त्यामुळे खुणा एकमेकांशी पटत नाहीत असे दिसले, तर ओढूनताणून एका जातीत बसवू नका. कोणत्या खुणा कोणत्या बाजूला जातात ते लिहा, फोटोची जागा नोंदवा आणि निर्णय मोकळा ठेवा. संकर किती पसरला आहे याचा माग घेणाऱ्याला अशाच नोंदी लागतात.

पट्टे नसतील तेव्हा: कच्छचे छोटे रण

आता आपल्या देशात येऊ. गुजरातमधील कच्छच्या छोट्या रणात भारतीय रानगाढव राहते. स्थानिक लोक त्याला घुडखर म्हणतात. त्याच रणाच्या कडेने पाळीव आणि मोकाट गाढवे चरतात, आणि काठियावाडी घोडाही याच मुलखाच्या आसपासचा. संध्याकाळच्या प्रकाशात काढलेल्या फोटोत तिघेही पिवळसर तपकिरी दिसतात. सहलीहून आलेल्या फोटोंमध्ये सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, आणि रंगावर विसंबल्यामुळेच होतो.

शेपूट मुळापासून केसाळ असेल तर घोडा, हे पहिल्या पायरीवरच निघून जाते. काठियावाडी घोड्याचे कान तर आणखी मदत करतात. ते आतल्या बाजूला वळलेले असतात आणि टोके एकमेकांना जवळजवळ टेकतात. मारवाडी घोड्याचेही तसेच. असे कान ना गाढवाचे असतात ना रानगाढवाचे.

खरा प्रश्न घुडखर आणि पाळीव गाढव यांचा. इथे पोटाचा पांढरा रंग कुठवर चढतो ते पाहा. घुडखराचा वरचा भाग वाळूच्या रंगाचा आणि पोट पांढरे असते. हा पांढरा रंग पोटापुरता थांबत नाही. मागच्या पायाच्या पुढून, कूस आणि पुठ्ठा यांच्या मधून तो पाचरीसारखा वर घुसतो, आणि पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही दिसतो. त्यामुळे बाजूने पाहिल्यास वाळूचा रंग सलग न राहता त्याचे वेगवेगळे तुकडे पडल्यासारखे दिसतात. पाळीव गाढवाचेही पोट फिकट असते, पण तिथे करडा रंग हळूहळू फिकट होत जातो. ठळक सीमा आणि वर चढणारी पाचर नसते.

दुसरी खूण पाठीवरची. दोघांच्याही कण्यावरून गडद रेघ जाते. घुडखराची रेघ रुंद, तपकिरी आणि बाजूला फिकट किनार असलेली. पाळीव गाढवाची बारीक, आणि अनेक गाढवांत खांद्यावरून तिला छेदणारी दुसरी रेघ असते, म्हणजे वरून पाहिल्यास फुलीच. घुडखराला ही फुली सहसा नसते. ही फुली गाढवाला मिळाली आहे त्याच्या पूर्वजाकडून, आफ्रिकेतल्या रानगाढवाकडून. आपले पाळीव गाढव घुडखराचे वंशज नाही. कच्छमध्ये दोघे शेजारी चरत असले तरी त्यांचे मूळ दोन वेगळ्या खंडांत आहे.

शरीराची ठेवणही बोलते, फक्त तिला शेवटी विचारा. घुडखर पाय लांब असलेला, चपळ बांध्याचा दिसतो. पाळीव गाढव बुटके, डोके शरीराच्या मानाने मोठे आणि पुठ्ठा उतरता. पण भरपूर चारा मिळालेले गाढव आणि दुष्काळात रोडावलेले घुडखर यांच्यात हा फरक पुसट होतो.

लडाखमध्ये गेलात तर तिथला कियांग हा दुसरा भारतीय रानगाढव भेटतो. हानले किंवा त्सो कर सरोवराच्या मैदानांवर तो रस्त्यावरूनही दिसतो, आणि गाडीतले प्रवासी हमखास ‘जंगली घोडे’ म्हणून ओरडतात. चूक समजण्यासारखी आहे. रानगाढवांच्या जातींत हा सर्वांत मोठा, खांद्याशी सुमारे १४० सेंटिमीटर उंच, आणि त्याचा तांबूस तपकिरी रंग घोड्यालाच शोभणारा. पण शेपटीला गोंडा आहे, आयाळ ताठ आहे, आणि पोट, गळ्याखालचा भाग आणि पाय पांढरे आहेत. तपकिरी आणि पांढऱ्यामधील सीमा इतकी रेखीव की रंगाऱ्याने कड काढल्यासारखी. लडाखी तट्टू असा नसतो. उन्हाळ्यातील कियांग उजळ तांबूस असतो, हिवाळ्यात केस लांब आणि रंग गडद होतो, म्हणून फोटोचा महिना नोंदवायला विसरू नका.

पायांवरचे पट्टे

शेवटी एक सापळा सांगतो, ज्यात मी स्वतः अडकलो होतो. पायांवर आडवे पट्टे असलेला बदामी रंगाचा प्राणी फोटोत पाहिला आणि झेब्र्याचा संकर असावा असे मी लिहून मोकळा झालो. तो काठियावाडी घोडा होता. फिकट बदामी रंगाच्या घोड्यांत कण्यावरची रेघ आणि पायांवरचे आडवे पट्टे मुळातच असतात, त्याला संकराची गरज नाही. ताखीच्याही पायांवर असे पट्टे दिसू शकतात. काठियावाडी घोड्यांचे पट्टे तर एकोणिसाव्या शतकातही प्रसिद्ध होते. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्यांचा उल्लेख केला आहे. पट्टे नसलेला काठियावाडी घोडा तिथे शुद्ध मानला जात नाही, अशी माहिती त्याला मिळाली होती. घोडा, गाढव आणि झेब्रा यांचा सामाईक पूर्वज पट्टेदार असावा, या तर्कासाठी त्याने ही माहिती वापरली.

पायांवर सर्वांत ठळक पट्टे असलेला बिनपट्टेदार प्राणी, हे वर्णन विचित्र वाटले तरी, सोमाली रानगाढवाचे आहे. आफ्रिकेच्या ईशान्य टोकाजवळच्या रखरखीत प्रदेशातले हे गाढव अंगाने करडे असते आणि चारही पायांवर झेब्र्यासारखे काळे आडवे पट्टे असतात. लांब कान, टोकाला गोंडा असलेली शेपूट, कुशीवर एकही पट्टा नाही. फोटो पायांपुरता कापलेला असेल तर त्याला झेब्रा म्हणायला कोणीही तयार होईल. म्हणून कापलेला फोटो आला की मूळ फोटो मागावा. आणि फोटो उलटवलेला नाही ना, हेही विचारावे. आरशातल्यासारखा उलटलेला फोटो जात ओळखायला अडचण करत नाही, पण मोजणीत तो डावी बाजू उजवी म्हणून पुढे करतो, आणि मग एकाच झेब्र्याचे दोन झेब्रे होतात.